आंतरराष्ट्रीय नियम कसा वाचायचा: मॉन्ट्रियल प्रोटोकॉल हातात घेऊन

हवामान, व्यापार किंवा आरोग्य यांपैकी एखाद्या विषयावर कुठल्याशा परिषदेत करार झाल्याची बातमी येते, तेव्हा नव्या वाचकाची पंचाईत होते. हा करार नेमका कुणावर बंधनकारक आहे? कधीपासून? तो मोडला तर काय होतं? बातमीत या प्रश्नांची उत्तरं क्वचितच सापडतात. कराराच्या मजकुरात मात्र ती जवळजवळ नेहमी असतात, फक्त ती कुठल्या क्रमाने शोधायची ते माहीत असावं लागतं.

तो क्रम इथे एकाच करारावर चालवून दाखवतो. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १६ सप्टेंबर १९८७ रोजी झालेला मॉन्ट्रियल प्रोटोकॉल मी मुद्दाम निवडला आहे. तो पर्यावरणाचा करार आहे, पण त्याचा दंडुका व्यापाराचा आहे. त्याच्या सवलतींमध्ये दम्याच्या रुग्णांचा प्रश्न येतो आणि २०१६ पासून तो हवामानाचाही करार झाला आहे. शिवाय तो बऱ्याच अंशी यशस्वी ठरला आहे. त्यामुळे नियम चालतो तेव्हा कसा चालतो, हे त्यात नीट दिसतं.

पायरी १: हातातला कागद कोणत्या जातीचा आहे ते पाहा

सगळे आंतरराष्ट्रीय कागद सारख्या वजनाचे नसतात. ओझोनच्या बाबतीत पहिला कागद १९८५ चा व्हिएन्ना करार. त्यात देशांनी संशोधन करू, माहितीची देवाणघेवाण करू, इतकंच मान्य केलं. कुठलंही रसायन किती कमी करायचं याचा एकही आकडा त्यात नव्हता. अशा कराराला चौकट-करार म्हणतात. आधी चौकट उभी करायची आणि आकडे पुढच्या कागदात घालायचे, ही रीत पुढे हवामानाच्या वाटाघाटींतही आली.

आकडे आले ते मॉन्ट्रियल प्रोटोकॉलमध्ये. फ्रीज, फवाऱ्याचे डबे, फोम यांत वापरली जाणारी सीएफसी ही रसायनं विकसित देशांनी शतक संपेपर्यंत निम्म्यावर आणायची, असं मूळ प्रोटोकॉलमध्ये ठरलं. आज ती जवळपास पूर्ण बंद आहेत. मधल्या काळात नियम बदलत गेला आणि तो दोन वेगळ्या वाटांनी बदलला. या दोन वाटांतला फरक कळला की अर्धं काम झालं.

पहिली वाट दुरुस्तीची. यादीत नवं रसायन घालायचं असेल तर दुरुस्ती करावी लागते, आणि ती फक्त तिला वेगळी मंजुरी देणाऱ्या देशांनाच लागू होते. दुसरी वाट फेरबदलाची. यादीत आधीपासून असलेल्या रसायनाची मुदत अलीकडे आणायची असेल तर सदस्य देशांच्या बैठकीत फेरबदल करता येतो. सहमतीचे सगळे प्रयत्न संपले तर तो दोन-तृतीयांश मतांनी मंजूर होऊ शकतो, मात्र विकसित आणि विकसनशील अशा दोन्ही गटांत स्वतंत्र बहुमत लागतं. मंजूर झाला की देशांना कळवल्यानंतर सहा महिन्यांनी तो सर्व सदस्यांवर बंधनकारक होतो, विरोधात मत देणाऱ्यांवरसुद्धा. त्यासाठी पुन्हा कुठल्याही संसदेची मंजुरी लागत नाही.

सार्वभौम देशांनी हे मान्य करावं ही आंतरराष्ट्रीय कायद्यात फार दुर्मीळ गोष्ट आहे. या प्रोटोकॉलच्या यशाचं एक मोठं कारण मला इथेच दिसतं. विज्ञान पुढे सरकलं की नियमालाही पुढे सरकता येतं. सीएफसीच्या जागी तात्पुरत्या आलेल्या एचसीएफसी या रसायनांच्या गटाची मुदत २००७ मध्ये अलीकडे आणली गेली ती याच वाटेने, आणि पुढच्याच वर्षी ती लागू झाली.

पायरी २: सही आणि बंधन यांच्या तारखा वेगळ्या काढा

परिषदेत मजकूर स्वीकारला जातो तो एक दिवस. देश सही करतो तो दुसरा. देशांतर्गत प्रक्रियेने अनुमोदन देऊन तसं पत्र जमा करतो तो तिसरा. ठरलेल्या संख्येइतकी अनुमोदनं जमली की करार लागू होतो तो चौथा. बातमी बहुतेक वेळा पहिल्या दिवशी येते, बंधन मात्र तिसरा आणि चौथा हे दोन्ही दिवस उलटल्याशिवाय येत नाही.

संयुक्त राष्ट्रांकडे जमा असलेल्या करारांची सद्यस्थिती त्यांच्या करार-संग्रहाच्या संकेतस्थळावर मिळते. तिथे देशाच्या नावासमोर साधारणपणे दोन रकाने असतात, एक सहीचा आणि एक अनुमोदनाचा. पहिल्यात तारीख असेल आणि दुसरा रिकामा असेल, तर त्या देशाने इरादा दाखवला आहे, पण तो अजून बांधला गेलेला नाही. देशांनी अनुमोदनाबरोबर काही घोषणा किंवा अटी जोडल्या असतील तर त्या त्याच पानावर खाली असतात. त्या न वाचता पान बंद करू नका.

व्हिएन्ना करार आणि मॉन्ट्रियल प्रोटोकॉलला १९८ सदस्यांचं अनुमोदन आहे, म्हणजे व्यवहारात सारं जग. पण किगाली इथे १५ ऑक्टोबर २०१६ रोजी स्वीकारलेली दुरुस्ती वेगळी मोजावी लागते. सीएफसीच्या जागी आलेली एचएफसी ही रसायनं ओझोनला धक्का लावत नाहीत, पण ती अतिशय तीव्र हरितगृह वायू आहेत. ती यादीत नव्याने घालायची होती, म्हणून इथे फेरबदलाची झटपट वाट बंद होती. दुरुस्ती १ जानेवारी २०१९ रोजी लागू झाली. दीडशेहून अधिक देशांनी ती स्वीकारली आहे, तरी मूळ प्रोटोकॉलचा प्रत्येक सदस्य तिच्यात आहेच असं धरून चालू नका.

पायरी ३: नियम नेमकं काय मोजतो ते शोधा

नवखे वाचक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. प्रोटोकॉल ‘वापर’ कमी करा म्हणतो, तेव्हा कुणी किती फवारे उडवले हे तो मोजत नाही. त्याची व्याख्या अशी: देशातलं उत्पादन, अधिक आयात, वजा निर्यात. नष्ट केलेला माल आणि दुसरं रसायन बनवण्यासाठी कच्चा माल म्हणून पूर्णपणे खर्ची पडलेला साठा हिशेबातून वगळला जातो.

एक काल्पनिक देश घेऊ. त्याने वर्षात एका रसायनाचं ९०० टन उत्पादन केलं, ३०० टन आयात केलं आणि २०० टन निर्यात केलं. त्याचा वापर १,००० टन. आता त्याच वर्षी त्या देशात वायू भरलेले लाखभर तयार एसी बाहेरून आले असतील, तर त्यांतला वायू त्याच्या खात्यावर येत नाही. तो वायू ज्या देशात यंत्रांत भरला गेला, त्या देशाच्या वापरात तो आधीच धरलेला असतो. एखाद्या देशाचा आकडा झपाट्याने उतरलेला दिसला तर तिथली गरजच घटली, की यंत्रं आता भरून बाहेरून येऊ लागली, हे तपासायला हवं.

किगाली दुरुस्तीत आणखी एक पायरी वाढते. एचएफसीचं वजन तसंच मोजलं जात नाही. प्रत्येक वायूला त्याच्या तापवण्याच्या क्षमतेने गुणतात. एचएफसी-१३४ए साठी हा गुणक १,४३० आहे, एचएफसी-३२ साठी ६७५. म्हणजे पहिल्याचे १० टन हे कार्बन डायऑक्साइडच्या १४,३०० टनांइतके धरले जातात आणि दुसऱ्याचे १० टन ६,७५० टनांइतके. त्यामुळे वजनात एक किलोही कमी न करता, केवळ सौम्य वायूकडे वळून देश आपला आकडा निम्म्याहून खाली आणू शकतो. याला पळवाट समजू नका, नियम मुद्दाम तसाच रचलेला आहे. उद्योगाने कुठला वायू निवडायचा हे उद्योगावर सोडायचं आणि एकूण तापमानवाढीवर मर्यादा घालायची, असा त्यामागचा विचार आहे.

पायरी ४: सवलत कुणाला आणि किती दिवस

प्रोटोकॉलच्या पाचव्या कलमात विकसनशील देशांचा गट ठरतो. मूळ निकष साधा होता: सीएफसी आणि तशा रसायनांचा दरडोई वार्षिक वापर ०.३ किलोहून कमी असावा. या देशांना दहा वर्षांची जादा मुदत मिळाली. पुढे सीएफसी बंद करायची विकसित देशांची मुदत २००० वरून १९९६ वर आली, यांची मात्र २०१० च राहिली.

किगाली दुरुस्तीत याच गटाचे पुन्हा दोन भाग पडले. बहुतेक विकसनशील देश २०२४ मध्ये एचएफसीचा वापर गोठवतात आणि २०४५ पर्यंत ८० टक्क्यांनी उतरवतात. भारत, पाकिस्तान, इराण, सौदी अरेबिया आणि आखातातले आणखी काही देश मिळून दुसरा भाग झाला. तिथे गोठवण्याचं वर्ष २०२८ आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे. एकाच दुरुस्तीत वेगवेगळी वेळापत्रकं असल्यामुळे ‘जग अमुक सालापर्यंत एचएफसी कमी करणार’ हे वाक्य कुठे दिसलं तर पहिला प्रश्न असावा, कुठल्या गटाचं साल?

दुसऱ्या प्रकारची सवलत वस्तूची असते, आणि तिची गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे. दम्याच्या रुग्णांच्या दाबून फवारायच्या इनहेलरमध्ये औषध बाहेर ढकलायला सीएफसी वापरली जायची. १९९६ ची बंदी तशीच लावली असती तर रुग्णांच्या हातातलं औषधच गेलं असतं. म्हणून १९९२ मध्ये देशांनी ‘अत्यावश्यक वापरा’ची कसोटी ठरवली. वापर आरोग्यासाठी, सुरक्षिततेसाठी किंवा समाजाच्या कामकाजासाठी गरजेचा असला पाहिजे, आणि तांत्रिक व आर्थिकदृष्ट्या परवडणारा दुसरा पर्याय नसला पाहिजे. दोन्ही अटी एकाच वेळी लागू.

पुढची प्रक्रिया अशी होती. देशाने अमुक वर्षासाठी अमुक टन हवेत असा अर्ज करायचा. तज्ज्ञांच्या समितीने पर्याय खरोखर नाही का, आधीचा साठा किती शिल्लक आहे, हे तपासायचं. मग सदस्य देशांच्या बैठकीने टनांचा आकडा मंजूर करायचा किंवा कापायचा. ही सवलत ठरावीक वर्षांपुरती आणि मोजून मिळत असल्याने पर्याय शोधण्याचा दबाव कायम राहिला. पर्याय सापडत गेले तसे आकडे उतरले आणि २०१५ च्या आसपास हे अर्ज थांबले. नवे इनहेलर मुख्यतः एचएफसीवर चालू लागले. आणि एचएफसी आता किगाली दुरुस्तीच्या यादीत आहे, त्यामुळे औषधकंपन्यांना दुसऱ्यांदा नवा वायू शोधावा लागतो आहे. एका क्षेत्राचा नियम दुसऱ्या क्षेत्रात कसा जाऊन पोहोचतो हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

पायरी ५: बाहेर राहण्याची किंमत आणि आत येण्याचा खर्च

आता व्यापार. प्रोटोकॉलचं चौथं कलम म्हणतं की सदस्य देशांनी बाहेरच्या देशांशी या रसायनांची आयात-निर्यात करायची नाही. सुरुवातीला हे कलम नसतं तर काय झालं असतं याचा विचार करा. एखादा देश बाहेर राहिला असता, सीएफसीचे कारखाने तिथे गेले असते आणि तिथून साऱ्या जगाला माल विकला गेला असता. चौथ्या कलमाने हे गणित उलटं केलं. जितके जास्त देश आत आले, तितकी बाहेरच्याची बाजारपेठ आटत गेली. बाहेर राहूनही नियम पाळत असल्याचं आकडेवारीसह सिद्ध करणाऱ्या देशाशी व्यापार करायची मुभाही त्याच कलमात आहे.

देशादेशांत भेदभाव करू नये हे तर जागतिक व्यापाराच्या नियमांचं मूळ तत्त्व. मग ही बंदी त्यात बसते का? त्या नियमांचा पाया असलेल्या गॅट या व्यापार कराराच्या विसाव्या कलमात माणसांचं, प्राण्यांचं व वनस्पतींचं जीवन आणि आरोग्य, तसंच संपुष्टात येणारी नैसर्गिक संसाधनं यांच्या रक्षणासाठी अपवाद आहेत, मात्र त्यांच्या आडून छुपी व्यापारबंदी करता येत नाही. मॉन्ट्रियलच्या बंदीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत कधीही वाद दाखल झालेला नाही. सगळेच आत असतील तर तक्रार करायला उरतं कोण, हे त्यामागचं सरळ कारण.

नुसत्या धाकावर मात्र गरीब देश आले नसते. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत बहुपक्षीय निधी उभा राहिला. विकसित देश त्यात पैसे घालतात आणि नियम पाळण्यामुळे पडणारा वाढीव खर्च त्यातून भागवला जातो. फ्रीजच्या कारखान्याची भट्टी किंवा पंप बदलायचा असेल तर जुन्या पद्धतीपेक्षा जेवढा जास्त खर्च येईल तेवढाच. निधीच्या कार्यकारी समितीत चौदा सदस्य असतात, सात विकसित गटाचे आणि सात विकसनशील गटाचे. कुठलाही करार वाचताना ‘आर्थिक साहाय्य’ या कलमात हेच शोधा: पैसे देणं बंधन आहे की आवाहन, आणि वाटपाच्या टेबलावर घेणाऱ्याला मत आहे का.

पायरी ६: मोडलं तर काय, आणि ते कळतं कसं

प्रत्येक सदस्याला आधीच्या वर्षाचे उत्पादन, आयात आणि निर्यात यांचे आकडे ३० सप्टेंबरपर्यंत नैरोबीतल्या ओझोन सचिवालयाला कळवावे लागतात. तफावत दिसली की प्रकरण दहा देशांच्या अंमलबजावणी समितीकडे जातं. समिती आधी कारण विचारते, मग सुधारणेचा आराखडा मागते, मदत सुचवते. ताकीद देणं आणि शेवटी करारातले हक्क स्थगित करणं हे सदस्य देशांच्या बैठकीच्या हातात असतं.

१९९५ मध्ये रशियासह सोव्हिएत संघातून वेगळ्या झालेल्या काही देशांनी सांगितलं की १९९६ ची मुदत आम्हाला पाळता येणार नाही. त्यांना हाकलून देता आलं असतं, पण मग उत्पादन चालूच राहिलं असतं. त्याऐवजी टप्पे ठरले, जागतिक पर्यावरण सुविधा या आंतरराष्ट्रीय निधीकडून पैसे आले, निर्यातीवर बंधनं आली आणि २००० च्या अखेरीस रशियातलं सीएफसी उत्पादन थांबलं.

पण देशानेच कळवलेला आकडा खोटा किंवा अपुरा असेल तर? मे २०१८ मध्ये हवेतल्या मोजमापांवरून शास्त्रज्ञांनी दाखवलं की सीएफसी-११ चं प्रमाण अपेक्षेपेक्षा संथपणे घटतं आहे. २०१२ नंतर कुणीतरी वर्षाला सुमारे १३,००० टन जादा वायू सोडत होतं, आणि कागदोपत्री जगभर उत्पादन तर जवळपास शून्य होतं. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियातल्या आणि जपानमधल्या केंद्रांच्या नोंदींवरून वाढीचा मोठा हिस्सा पूर्व चीनमधल्या शानडोंग आणि हेबेई प्रांतांच्या परिसरातून येतो असं दिसलं. बहुधा उष्णतारोधक फोम बनवण्यासाठी हा वायू चोरून बनवला आणि वापरला जात होता. चीनने तपासण्या वाढवल्या, कारवाया केल्या. पुढच्या मोजमापांत उत्सर्जन पुन्हा जवळपास जुन्या पातळीवर उतरलेलं आढळलं.

या प्रकरणातून कराराची मर्यादा उघडी पडली. प्रोटोकॉल उत्पादन आणि व्यापार मोजतो, हवेत काय गेलं ते मोजत नाही. चोरी सापडली ती कराराच्या यंत्रणेबाहेरच्या निरीक्षण केंद्रांमुळे, आणि अशी केंद्रं जगाच्या फार मोठ्या भागात नाहीत. म्हणून कुठल्याही नियमाबाबत विचारा, देशाने दिलेला आकडा स्वतंत्रपणे पडताळणारं कुणी आहे का?

पायरी ७: हेच प्रश्न दुसऱ्या कागदांना विचारा

पॅरिस करार घ्या. तो ४ नोव्हेंबर २०१६ रोजी लागू झाला. देशाने आपलं उत्सर्जन-लक्ष्य ठरवून कळवणं बंधनकारक आहे, ते गाठणं नाही. इथे क्रियापदांवर बोट ठेवून वाचा. १२ डिसेंबर २०१५ च्या अंतिम मसुद्यात विकसित देशांनी अर्थव्यवस्थाभर कपात ‘करावीच’ असं आलं होतं. अमेरिकेने हरकत घेतली आणि शेवटच्या बैठकीत ती तांत्रिक चूक म्हणून दुरुस्त करून ‘करायला हवी’ असं केलं गेलं. एका शब्दाने बंधनाचं आवाहन झालं. पालन पाहणारी समिती आहे, पण ती दंड करू शकत नाही, असं करारातच लिहिलं आहे.

जागतिक व्यापार संघटनेत उलट परिस्थिती आहे. नियम कडक, निवाड्याची पद्धत पक्की, आणि जिंकणाऱ्या देशाला प्रत्युत्तरादाखल शुल्क लावायची परवानगीही मिळू शकते. पण अपिलीय मंडळात सातपैकी किमान तीन सदस्य लागतात आणि अमेरिकेने नेमणुका रोखल्याने डिसेंबर २०१९ पासून तेवढे नाहीत. त्यामुळे हरलेला देश अपील दाखल करतो आणि निकाल तिथेच अडकून राहतो. काही देशांनी आपसांत पर्यायी लवादाची सोय केली आहे. व्यापाराच्या वादाची बातमी वाचताना दोन्ही बाजू त्या सोयीत आहेत का, ते आधी पाहा.

आरोग्यात दोन वाटा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम मौनाने लागू होतात. आरोग्य परिषदेने ते स्वीकारले की ठरलेल्या मुदतीत जो देश नकार कळवत नाही तो बांधला जातो. २०२४ मध्ये केलेले बदल अशाच रीतीने १९ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाले, अमेरिकेने मात्र जुलैमध्येच नकार कळवला होता. २० मे २०२५ रोजी स्वीकारलेला महासाथ करार दुसऱ्या वाटेचा, म्हणजे अनुमोदनाचा. रोगजंतूंचे नमुने आणि त्यांतून मिळणारे लाभ कसे वाटायचे याचं जोडपत्र स्वीकारलं गेल्याशिवाय तो सहीसाठी खुला होत नाही, आणि साठाव्या अनुमोदनानंतर तिसाव्या दिवशी तो लागू होतो. या करारामुळे संघटना देशांवर टाळेबंदी किंवा लसीकरण लादू शकेल असं कुणी सांगितलं तर मजकूर उघडून पाहा. देशाचे कायदे बदलण्याचा, प्रवाशांना अडवण्याचा, लससक्ती किंवा टाळेबंदी करायला लावण्याचा कुठलाही अधिकार संघटनेच्या सचिवालयाला या करारातून मिळत नाही, असं त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे.